ताप किती, आणि कुणाच्या अंगात?

कपाळासमोर धरलेलं 'गन' थर्मामीटर 97.6 दाखवतं. त्याच वेळी समोरचं मूल दोन गोधड्यांखाली हुडहुडीनं कापत असतं. आई म्हणते, यंत्रात ताप दिसत नाही. आजी म्हणते, पोटाला हात लावून बघ. अर्ध्या तासानं काखेत थर्मामीटर लावला की तोच ताप 102च्या वर निघतो. कोरोनाच्या साथीत ही गन घरोघरी आली आणि असे गोंधळही वाढले.

यंत्र बिघडलेलं नसतानाही असं होतं, आणि त्याचं कारण तापाच्या मुळाशी आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागात शरीराचं तापमान ठरतं. जंतुसंसर्ग झाला की हा भाग तापमान वर न्यायचं ठरवतो. त्यासाठी शरीर उष्णता साठवू लागतं. कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, हातपाय आणि कपाळ गार पडतं, स्नायू थरथरून आणखी उष्णता तयार करतात. म्हणजे ताप वेगानं चढत असतो नेमक्या त्या वेळी कपाळाची कातडी थंड असते. गन फक्त कातडीवरून निघणारे अवरक्त किरण मोजते आणि त्यावरून आतल्या तापमानाचा अंदाज करते. कातडी गार असेल तर अंदाजही खाली येतो.

याखेरीज पंख्याचा वारा, घाम, नुकतीच ठेवलेली ओल्या कापडाची घडी, चोळलेला बाम, उन्हातून घरी येणं, या सगळ्यानं हा आकडा इकडेतिकडे होतो. बऱ्याच गनमध्ये भिंत किंवा दूध यांसारख्या वस्तूंचं तापमान मोजायची वेगळी सोय असते. चुकून ती चालू राहिली तर माणसाचं तापमान 93-94 असंही दिसतं. यंत्र गार खोलीतून किंवा तापलेल्या गाडीतून आणलं असेल, तर खोलीच्या हवेशी जुळवून घ्यायला त्याला पंधरा-वीस मिनिटं द्यावी लागतात. प्रवेशद्वारावर शंभर माणसांची चाळणी करायला गन सोयीची आहे. झोपलेल्या बाळाला न उठवता अंदाज घ्यायलाही हरकत नाही. पण औषध द्यायचं की नाही, दवाखाना गाठायचा की नाही, हे तिच्या आकड्यावर ठरवू नये.

घरात एकच थर्मामीटर ठेवायचा असेल, तर तो औषधाच्या दुकानात दोन-तीनशे रुपयांना मिळणारा साधा डिजिटल, काडीसारखा थर्मामीटर असावा. त्याच्या टोकाला तापमानानुसार विजेचा रोध बदलणारा छोटा घटक असतो आणि चांगल्या बनावटीत त्याची चूक 0.2 अंश फॅरनहाइटच्या आसपास राहते. म्हणून 100.2 आणि 100.4 मधल्या फरकावरून ताप वाढला म्हणून घाबरण्यात अर्थ नाही. कानात लावायचा थर्मामीटरही चांगला आहे, पण त्याचं टोक थेट कानाच्या पडद्याकडे वळलं तरच. त्यासाठी कानाची पाळी मागे आणि किंचित वर ओढावी लागते. सहा महिन्यांखालच्या बाळाचा कान फारच अरुंद असतो, म्हणून तिथे तो वापरू नये. कपाळावर चिकटवायच्या रंगीत पट्ट्यांवर तर अजिबात भरवसा ठेवू नये.

पाऱ्याचा जुना थर्मामीटर अचूक होता, यात शंका नाही. पण तो फुटला की पाऱ्याची वाफ घरात राहते. पाऱ्याचा वापर कमी करणाऱ्या मिनामाता कराराला भारतानं 2018 मध्ये मान्यता दिली आणि तसे थर्मामीटर बनवणं थांबवण्याची त्या करारातली मुदत 2020 ही होती. घरात अजून असेल तर झटकताना तो भिंतीवर आपटणार नाही याची काळजी घ्यावी. फुटलाच तर पारा झाडूनं किंवा व्हॅक्यूमनं गोळा करू नये. खिडक्या उघडाव्यात, मुलांना बाहेर काढावं आणि थेंब जाड कागदानं ढकलत झाकणाच्या बाटलीत घ्यावेत.

आता काखेत ताप मोजायची रीत. ही सगळ्यांना येते असं वाटतं आणि बहुतेक चुका इथेच होतात. आधी काख कोरड्या कापडानं पुसावी, चोळू नये. बाही वर सरकवून चालत नाही, कारण थर्मामीटरचं टोक आणि कातडी यांच्यामध्ये कापड येतं. टोक काखेच्या अगदी मध्यावर, खोलगट भागात असावं. ते पुढे किंवा मागे बाहेर डोकावत असेल तर ते खोलीतली हवा मोजत असतं. मग दंड छातीशी घट्ट धरून ठेवायचा. लहान मुलाला मांडीवर घेऊन त्याचा हात आपल्या हातानं दाबून धरावा लागतो.

बीपचा आवाज आला की लोक लगेच थर्मामीटर काढतात. हा आवाज इतकंच सांगतो की गेल्या काही सेकंदांत आकडा फारसा वाढलेला नाही. तोंडात तो लवकर स्थिर होतो. काख मात्र उघडी असताना गार झालेली असते आणि बंद केल्यावर हळूहळू तापते, त्यामुळे बीप अनेकदा खऱ्या तापाच्या आधीच वाजतो. दोन-तीन मिनिटं हात छातीशी मिटून ठेवून मग थर्मामीटर लावावा, आणि बीप झाल्यावरही आकडा चढतोय का हे आणखी मिनिटभर पाहावं. एकच माणूस तीन वेळा मोजतो आणि 99.1, 100.3, 100.8 असे वेगवेगळे आकडे येतात, त्याचं कारण बहुधा हेच असतं. सुरू करताना पडद्यावर आधीच्या वेळचा आकडा क्षणभर दिसतो, तो आत्ताचा समजू नये. आकडे फिके दिसू लागले किंवा बॅटरीची खूण आली, तर सेल बदलल्याशिवाय त्या आकड्यावर विसंबू नये.

चार-पाच वर्षांच्या पुढे, नाकानं श्वास घेऊ शकणाऱ्या आणि थर्मामीटर न चावणाऱ्या माणसाला जिभेखाली लावणं जास्त विश्वासाचं. टोक जिभेच्या बुडाशी डावीकडे किंवा उजवीकडे जो खळगा असतो त्यात ठेवायचं आणि ओठ मिटायचे. चहा, कॉफी किंवा गार पाणी घेतल्यावर अर्धा तास थांबावं.

काखेत 99.6 आला तर एक अंश मिळवून 100.6 धरायचा, अशी पद्धत अनेक घरांत आहे. ती सोडून द्यावी. काख आणि तोंड यांच्यातला फरक साधारण अर्धा ते एक अंश असला, तरी माणसागणिक आणि वेळेगणिक तो बदलतो. शिवाय घरी एक अंश मिळवला आणि दवाखान्यात पुन्हा कुणी मिळवला, तर नसलेला ताप तयार होतो. जो आकडा दिसला तोच सांगावा आणि 'काखेत' किंवा 'तोंडात' हा शब्द त्याला जोडावा.

98.6 हा आकडा तर आपल्या मनात पक्का बसलेला आहे. तो जर्मनीतल्या लाइपत्सिकच्या कार्ल वुंडरलिश या डॉक्टरांचा. 1868 साली त्यांनी सुमारे पंचवीस हजार रुग्णांच्या काखेतल्या नोंदींवर ग्रंथ लिहिला. तापाचा तक्ता रुग्णाच्या उशाशी ठेवायची रीत त्यांच्यामुळे रुजली. पण त्यांनीच हेही लिहून ठेवलं होतं की निरोगी माणसाचं तापमान पहाटे कमी आणि संध्याकाळी जास्त असतं. हा भाग लोक विसरले आणि आकडा तेवढा राहिला. पुढे 1992 मध्ये अमेरिकेत 148 निरोगी प्रौढांचं तापमान तोंडात मोजलं गेलं. सरासरी 98.2 निघाली, पण जास्त महत्त्वाचं म्हणजे निरोगीपणाची वरची सीमा सकाळी 98.9 आणि दुपारी चारच्या सुमारास 99.9 इतकी आढळली. म्हणून संध्याकाळी, जेवण करून, जिने चढून आलेल्या माणसाचे 99.2 म्हणजे 'कसर' नव्हे. पहाटे पाचला तोच आकडा असेल तर मात्र दखल घ्यावी.

सर्वसाधारणपणे 100.4 अंश फॅरनहाइट, म्हणजे 38 अंश सेल्सियस, या आकड्यापासून डॉक्टर ताप धरतात. काखेत मोजत असाल तर 99.5च्या वर गेल्यावर लक्ष ठेवायला सुरुवात करावी. पण पुढे काय करायचं हे आकड्यापेक्षा वय जास्त ठरवतं. एकाच घरात एका संध्याकाळी तिघांच्या काखेत 100.6 निघाला असं समजू: पाच आठवड्यांचं तान्हं बाळ, त्याची सव्वा वर्षाची चुलत बहीण आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आजोबा.

बाळाला त्याच रात्री रुग्णालयात न्यायला हवं. ते दूध पीत असलं तरी, हसत असलं तरी. तीन महिन्यांखालच्या बाळाची प्रतिकारशक्ती जंतूंना एका जागी रोखू शकत नाही. रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात संसर्ग पोचला असला तरी सुरुवातीला तापाशिवाय दुसरं लक्षण दिसत नाही. मोठ्या माणसासारखी मान आखडणं वगैरे या वयात सहसा नसतं. म्हणून इथे सकाळची वाट पाहायची नाही आणि पॅरासिटामॉलचे थेंब देऊन ताप झाकायचा नाही. दोन महिन्यांखालच्या बाळांसाठी आपल्याकडच्या सरकारी बालआजार कार्यक्रमात काखेतला 99.5 हा आकडाच धोक्याची खूण मानला आहे. बाळ कुंची, मोजे, दोन दुपटी अशा गुंडाळ्यात असेल आणि आकडा 99.5 ते 100च्या दरम्यान असेल, तर एक थर काढून पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा मोजायला हरकत नाही. पण बाळ दूध ओढत नसेल, मलूल असेल, श्वास जोरात चालत असेल तर ही पंधरा मिनिटंसुद्धा घालवू नयेत.

या वयात तापमान घसरणंही तितकंच घातक असतं. नवजात बाळाचं काखेतलं तापमान 97.7च्या खाली गेलं की ते गार पडत आहे. आईच्या उघड्या छातीशी धरून, वरून पांघरूण घेऊन ते वाढवावं लागतं, आणि तरीही वाढलं नाही तर संसर्गाचीच शंका घ्यावी लागते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं 39 गावांत घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग केला. मंद रडणं, दूध न ओढणं, अंग सैल पडणं, ताप किंवा गार पडणं अशा खुणांवरून गावातल्या प्रशिक्षित बायका संसर्ग ओळखत आणि उपचार करत. तिथले नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाल्याचं 1999 मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालं. आज आशा कार्यकर्तीच्या पिशवीत डिजिटल थर्मामीटर असतो, त्यामागे हे काम आहे.

सव्वा वर्षाच्या बहिणीची गोष्ट वेगळी. ती खेळत असेल, पाणी पीत असेल, लघवी नेहमीसारखी होत असेल, तर 100.6 ला औषधही लागत नाही. सहा महिन्यांनंतरच्या मुलात नुसत्या आकड्यावरून आजाराची तीव्रता ठरत नाही. साध्या विषाणूतापातही 103-104 होतो आणि गंभीर न्यूमोनियात कधी 101च असतो. तीन ते सहा महिन्यांच्या बाळात मात्र 102च्या वरचा ताप त्याच दिवशी दाखवावा. मोठ्या मुलात बघायचं ते हे: ताप उतरलेला असताना मूल कसं आहे? उतरल्यावरही ते मलूल, न बोलणारं, कुशीतून न हलणारं असेल, श्वासाला छाती आत ओढली जात असेल, दाबल्यावर न पुसणारे लाल-जांभळे डाग असतील, किंवा सहा-आठ तास लघवी झाली नसेल, तर आकडा 100 असला तरी लगेच निघावं. असं काही नसेल तरी पाचव्या दिवसापर्यंत ताप टिकू देऊ नये, आणि पावसाळ्यात तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच डॉक्टरांना दाखवून रक्त तपासावं.

मूल अस्वस्थ असेल तर पॅरासिटामॉल द्यावं, ते वजनावर. किलोमागे 15 मिलिग्रॅम, दोन मात्रांत निदान चार ते सहा तासांचं अंतर, दिवसाला चारपेक्षा जास्त मात्रा नाहीत. या मुलीचं वजन 10 किलो, म्हणजे एका वेळी 150 मिलिग्रॅम. आता बाटली हातात घेऊन वाचावी. 5 मिलिलिटरमध्ये 125 मिलिग्रॅम असेल तर 6 मिलिलिटर द्यायचं. 5 मिलिलिटरमध्ये 250 असेल तर 3 मिलिलिटर. आणि थेंबाच्या छोट्या बाटलीत बहुधा 1 मिलिलिटरमध्येच 100 मिलिग्रॅम असतं, तिथे दीड मिलिलिटर पुरतं. सिरप संपलं म्हणून थेंबाची बाटली काढून सवयीनं 6 मिलिलिटर दिलं, तर मुलीच्या पोटात 600 मिलिग्रॅम, म्हणजे चौपट औषध जातं. 'एक चमचा' हा शब्दच इथे टाळावा.

बर्फाच्या पाण्याच्या किंवा कोलन वॉटरच्या घड्यांनी कातडीच्या रक्तवाहिन्या आणखी आकसतात, मूल कुडकुडतं आणि आतला ताप कमी होत नाही. पातळ सुती कपडे, हवा आणि पाणी पुरे. सहा महिने ते पाच वर्षांच्या काही मुलांना तापात आकडी येते. ती पाहणाऱ्याचा जीव घाबरा होतो, पण बहुतेक वेळा ती काही मिनिटांत आपोआप थांबते. मुलाला कुशीवर वळवावं, तोंडात चमचा किंवा बोट घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नये, घड्याळ पाहावं. आकडी पाच मिनिटांत थांबली नाही तर ताबडतोब रुग्णालय. पहिल्यांदाच आली असेल, तर थांबल्यावरही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

आजोबांचे 100.6 मात्र पुष्कळ आहेत. म्हातारपणी शरीराचं नेहमीचं तापमानच खाली असतं आणि संसर्ग झाला तरी ताप फारसा चढत नाही. वृद्धांची काळजी घेणाऱ्या संस्थांसाठीच्या निकषांत तोंडात 100च्या वर एकदा, किंवा नेहमीच्यापेक्षा 2 अंशांनी वाढ, एवढंही संसर्ग शोधायला पुरेसं मानतात. आजोबांचं एरवी 97 असेल तर 99 म्हणजे ताप. त्यांचं नेहमीचं तापमान माहीत व्हायला बरं असताना तीन-चार दिवस सकाळ-संध्याकाळ मोजून कॅलेंडरवर लिहून ठेवावं. अचानक असंबद्ध बोलणं, पडणं, जेवण सोडणं ही त्यांच्या न्यूमोनियाची किंवा लघवीतल्या संसर्गाची पहिली खूण असू शकते. किमोथेरपी चालू असलेल्या कुठल्याही वयाच्या रुग्णाला 100.4 आला की तासाभराच्या आत कर्करोग रुग्णालयाला फोन करावा. त्यानं आधी पॅरासिटामॉल घेऊ नये.

धडधाकट प्रौढांना 103पर्यंतचा ताप सहसा सोसतो. त्यांची गफलत दुसरीकडे होते. सप्टेंबर महिना, पस्तिशीचा माणूस, तीन दिवस 103, डोळ्यांमागे दुखणं, अंग मोडून आलेलं. चौथ्या दिवशी थर्मामीटर 99 दाखवतो आणि तो कामावर जातो. डेंगीत धोक्याचा काळ साधारण याच वेळी, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, ताप उतरताना सुरू होतो. सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून रक्तातला द्रव बाहेर झिरपू लागतो, रक्त घट्ट होतं, रक्तदाब पडू शकतो. म्हणून ताप उतरल्यापासूनचे दोन दिवस पोटात सतत दुखणं, वारंवार उलटी, हिरडीतून किंवा नाकातून रक्त, गार हातपाय, कमी लघवी, चक्कर यांवर नजर ठेवायची. यातलं एक जरी दिसलं तर थर्मामीटर 98 दाखवत असतानाही दाखल व्हायचं. डेंगीची शंका असेपर्यंत आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅक, मेफेनॅमिक ॲसिड यांतलं काही घेऊ नये. रक्तस्राव वाढतो. मुलांच्या 'ताप लगेच उतरवणाऱ्या' सिरपमध्ये पुष्कळदा मेफेनॅमिक ॲसिड मिसळलेलं असतं, म्हणून लेबल वाचूनच घ्यावं.

आकडा स्वतःच संकट ठरतो असा एक प्रसंग आहे आणि विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात तो नवा नाही. उन्हात काम केलेला माणूस, अंग भाजणारं, बरळणं किंवा शुद्ध हरपणं, तापमान 104च्या वर. हा उष्माघात. यात हायपोथॅलॅमसनं ताप चढवलेला नसतो, उष्णता बाहेर टाकायची व्यवस्थाच कोलमडलेली असते, त्यामुळे पॅरासिटामॉलची गोळी काहीच करत नाही. इथे काखेतला आकडा खऱ्यापेक्षा बराच कमी दिसू शकतो, म्हणून माणूस बरळत असेल तर 102 पाहून निश्चिंत होऊ नये. त्याला सावलीत आणावं, कपडे काढावेत, सगळ्या अंगावर पाणी ओतत वारा घालावा, बर्फ असेल तर मान, काख आणि जांघेत ठेवावा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. दुसऱ्या कुणीतरी त्याच वेळी 108 लावावा, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत पाणी ओतणं थांबवू नये.